फॅन्टसी मालिकांचा फडशा पाडणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला पुढे काय द्यावं?

मृदुला_ना
माझा मुलगा पाचवीत आहे, ऑगस्टमध्ये दहा पूर्ण झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत हॅरी पॉटरचे सातही भाग संपवले. मग पर्सी जॅक्सनचे पाच, मग त्याच लेखकाची इजिप्तच्या देवांवरची तीन. सध्या ड्रॅगनांची एक लांबलचक मालिका सुरू आहे, रोज एक भाग. जेवताना पुस्तक, बाथरूममध्ये पुस्तक.

वाचतो याचा आनंदच आहे. पण परवा सहज विचारलं, "सिरियस ब्लॅक कसा गेला रे?" तर म्हणाला, "मेला ना तो. कुठल्या तरी पडद्यामागे पडला." इतकंच. हॅरीला काय वाटलं, दोष कोणाचा होता, काही आठवत नाही. पान उलटलं की मागचं पुसलं जातं असं वाटतं.

मला त्याची फॅन्टसी सोडवायची नाही. त्याच जगातलं पण जरा चावून खावं लागेल असं काही सुचवाल का? इंग्रजी सहज वाचतो. मराठी वाचतो, पण हळू.

सह्यकडा
अहो, वाचू द्या की! आम्ही चांदोबा आला की एका बैठकीत संपवायचो आणि अर्नाळकर तर दिवसाला दोन. त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही, पण वाचायची सवय लागली ती तेव्हाच. या वयात भूक असते, खाऊ दे.

मृदुला_ना
सह्यकडा, ते थांबवणार नाहीच. ड्रॅगन चालू राहतील. त्यांच्या शेजारी आणखी काय ठेवू, एवढंच विचारतेय.

रेवती_टोरांटो
आमच्याकडे बऱ्याच पुस्तकांना लेक्साइलचा आकडा असतो. मुलाची पातळी काढायची आणि त्याच्यापेक्षा थोडा वरचा आकडा असलेलं पुस्तक द्यायचं. माझ्या मुलीसाठी मी तसंच करते. आकडा वर गेला की वेग आपोआप कमी होतो.

अंतूकाका
या वयात 'श्यामची आई' द्यावं. जादूटोण्यातून काय शिकणार मुलं? संस्कार होतील असं वाचायला हवं. शिवरायांची चरित्रंही आहेत.

पुस्तकवेडी
रेवती, तो आकडा मुख्यत्वे वाक्यं किती लांब आहेत आणि शब्द किती सर्रास वापरातले आहेत, यावरून निघतो. पुस्तकात काय घडतं, त्यात किती पदर आहेत, हे त्याला कळत नाही. स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'चा आकडा हॅरी पॉटरच्या पहिल्या भागापेक्षा कमी आहे! म्हणून ते दहा वर्षांच्या मुलाला द्यायचं का? मुलाला वाक्यं झेपतील की नाही याचा अंदाज घ्यायला आकडा ठीक आहे. पुढचं पुस्तक त्यावरून निवडू नका.

अंतूकाका, 'श्यामची आई' जरूर द्यावं, पण ड्रॅगनवर स्वार झालेल्या मुलाला त्याच्या ऐवजी म्हणून दिलं तर तो दोन्हींवर रुसेल.

रेवती_टोरांटो
स्टाइनबेकचं माहीत नव्हतं. पण माझ्या मुलीच्या बाबतीत आकड्याचा उपयोग झाला हेही खरं आहे. कदाचित वाक्यं लांब असल्यामुळे ती सावकाश वाचत असेल.

दीपमाळ
आमच्या भागात मी नऊ वर्षं मुलांचं वाचनमंडळ चालवते. शनिवारी संध्याकाळी दहा-बारा मुलं येतात, त्यात असा एकजण दरवर्षी असतोच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मालिका भराभर वाचली जाते ती तिच्या बांधणीमुळे. प्रत्येक प्रकरण टांगलेल्या प्रश्नावर संपतं, जगाचे नियम पहिल्या भागातच कळलेले असतात, माणसं ओळखीची असतात. चौथ्या भागापासून मुलाला नवं काही समजून घ्यावंच लागत नाही, फक्त पुढे काय झालं ते हवं असतं. त्यात मुलाची काही चूक नाही. तेव्हा पुढचं पुस्तक असं हवं, ज्यात जादू असेल पण 'पुढे काय' इतकाच 'हे असं का' हा प्रश्नही टोचत राहील.

यासाठी मी सगळ्यात आधी काढते ते अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. 1968 चं आहे. पॉटरच्या कितीतरी आधी यात जादूगारांची शाळा आहे, रोक नावाच्या बेटावर. प्रकरणं फक्त दहा. तुमचा मुलगा म्हणेल, हे तर एका दुपारचं काम. पण दुपारी होत नाही, कारण त्यातली जादू फुकट मिळत नाही. तिथे प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं आणि ते कळलं तरच तिच्यावर सत्ता चालते. त्यामुळे माणूस आपलं खरं नाव फक्त अगदी विश्वासातल्या माणसाला सांगतो. शाळेत एका गुरूकडे साध्या खड्याचा हिरा करायला शिकायची वेळ येते, तेव्हा तो बजावतो की खडा खरोखर बदललास तर जग बदलेल, आणि त्या बदलाचं पुढे काय होईल हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. आमच्या मंडळात या एका प्रसंगावर मुलं पाऊण तास भांडली होती. एकीचा मुद्दा होता, "मग हॅरी पॉटरमध्ये जेवणाची ताटं भरतात ते अन्न कुठून कमी होतं?" वेगात वाचणारं मूल असं मागे वळून आधीच्या पुस्तकाला प्रश्न विचारायला लागलं, की मी समजते काम झालं.

एक अडचण आधीच सांगते. सुरुवात संथ आहे आणि संवाद कमी आहेत. ले ग्विन एखादी लोककथा सांगावी तसं सांगतात. ज्या मुलांना पानभर खटके उडणारे संवाद लागतात, ती पहिल्या दहा-पंधरा पानांत ठेवून देतात. म्हणून पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा. तिसऱ्या प्रकरणात शाळा येते, तिथपासून पुस्तक त्याच्या हातात देता येतं.

निशिगंधा_व
दीपमाळ, माझ्या भावाला हेच दिलं होतं. त्याला गेडचा गर्व फार आवडला, म्हणजे नायक असून इतका चुकतो हे. जॅस्परने डिवचलं म्हणून त्याने मेलेल्या राणीला बोलावलं आणि फटीतून ती सावली बाहेर आली, आणि शेवटी कळतं की ती सावली म्हणजे

पुस्तकवेडी
निशिगंधा, थांब गं!! ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी शेवट राहू दे. त्या पुस्तकाची अर्धी मजा ती सावली कोण याचा विचार करण्यात आहे.

निशिगंधा_व
अरे हो, सॉरी. अर्धं वाक्य तसंच सोडते.

गगनबावडा
माझी मुलगी चौथीत आहे, ती काहीच वाचत नाही हो. फक्त मोबाइल. तिला काय देऊ?

सह्यकडा
गगनबावडा, हा धागा उलट्या दुखण्याचा आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भरपूर लोक येतील. तोवर तिला चित्रकथा देऊन बघा, आणि तिच्या शेजारी बसून तुम्ही वाचा.

कऱ्हाकाठ
माझा अनुभव 'द हॉबिट'चा आहे. मुलगा दहाचाच होता. पॉटर संपल्यावर मी थेट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड हातात दिला, ही माझी चूक. साठ-सत्तर पानं झाली आणि पुस्तक खाटेखाली गेलं. मग लक्षात आलं की 1937 चा 'हॉबिट' टॉल्किनने लहान मुलांसाठीच लिहिलेला आहे, मोठ्या खंडांचं तसं नाही. हॉबिटमध्ये लेखक मधूनमधून वाचणाऱ्याशी बोलतो, आजोबा गोष्ट सांगताना "आता तुला वाटेल की..." म्हणतात तसं. हे वाचण्यापेक्षा ऐकायला छान लागतं.

एकोणीस प्रकरणं आहेत. आम्ही रोज रात्री एक, मोठं असेल तर अर्धं, असं सव्वा महिना चालवलं. पहिल्या प्रकरणात तेरा बुटके एकामागून एक दारात येतात, तिथे तो कंटाळला. त्यांची नावं लक्षात राहिना. मग आम्ही कागदावर तेरा टोप्या काढल्या, पुस्तकात ज्याच्या टोपीचा रंग आला तो भरायचा. पाचव्या प्रकरणात बिल्बो आणि गॉलम यांची अंधारात कोड्यांची जुगलबंदी आहे. तिथे मी एक नियम केला: कोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं, उत्तर सुचेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत पान उलटायचं नाही. एका कोड्यासाठी तो रात्री अंथरुणात जागा राहिला आणि सकाळी दात घासताना ओरडला, "अंडं!" जो मुलगा दिवसाला एक पुस्तक संपवत होता, त्याने एका प्रकरणाला तीन दिवस घेतले.

मृदुला_ना
कऱ्हाकाठ, हे फार आवडलं. पण मी ऑफिसातून घरी येते साडेसातला. रोज वाचून दाखवणं जमेल का माहीत नाही. त्याचे बाबा वाचतील, पण त्यांना फॅन्टसी अजिबात आवडत नाही.

कऱ्हाकाठ
मलाही आवडत नव्हती. रात्री वीस मिनिटं पुरतात, आणि एखादा दिवस चुकला तरी चालतं. उलट चुकलेल्या दिवशी तो आदल्या रात्रीचं आठवून मला सांगायचा.

केतकी२००४
डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (1986) सुचवते. मोठी बहीण असली की कथेत नशीब फुटकंच असणार, असं सोफीने आधीच मानून ठेवलंय. टोप्यांच्या दुकानात काम करता करता एका चेटकिणीच्या शापाने ती एका क्षणात नव्वदीची म्हातारी होते. आणि म्हातारी झाल्यावर धीट होते! वाचताना हळूहळू लक्षात येतं की जादू तिच्या स्वतःच्या बोलण्यातही आहे. हे लेखिका कुठेही ठासून सांगत नाही, आपणच मागे जाऊन टोप्यांशी ती काय बोलली होती ते पुन्हा वाचतो.

सह्यकडा
त्याचा सिनेमा पाहिलाय आम्ही, मियाझाकींचा. सुंदर आहे. मग पुस्तक वाचून नवं काय मिळणार?

केतकी२००४
बरंच काही. वाड्याच्या दाराची मूठ चार रंगांची आहे आणि रंग फिरवला की दार वेगळ्या ठिकाणी उघडतं, हे सिनेमात आहेच. पण पुस्तकात काळा रंग खाली आला की दार उघडतं ते थेट आजच्या वेल्समध्ये. तिथे हाउलची बहीण राहते, भाचा कॉम्प्युटर गेम खेळतो, आणि बहीण हाउलला बिनकामाचा म्हणून फैलावर घेते. सिनेमात हा भागच नाही. सिनेमा पाहिलेल्या मुलाला पुस्तक द्यायचं याहून चांगलं कारण कुठलं? तो फरक शोधत वाचतो, म्हणजे आपोआप सावकाश वाचतो.

रानवाटा
फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' कोणी कसं सुचवलं नाही? प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत फिरतो, आणि लहानपणी तो रूपं बदलतो. अफाट कल्पना आहे.

दीपमाळ
रानवाटा, अफाटच आहे, पण दहाव्या वर्षी मी ते स्वतः वाचल्याशिवाय कोणाला देत नाही. मुलाला त्याच्या त्या प्राण्यापासून तोडणं काय असतं, हे त्यात दाखवलंय. आमच्या मंडळातली एक अकरा वर्षांची मुलगी त्यावरून दोन रात्री झोपली नव्हती. दुसऱ्या एका मुलाने मात्र तेच पान मोठ्याने वाचून दाखवलं. तिसरा भाग तर आणखी दोन-तीन वर्षं थांबू शकतो. मुलाला हे किती लागतं, हे मृदुला यांनाच माहीत असणार.

रानवाटा
मी नवव्या वर्षी वाचलं आणि मला काही झालं नाही. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा घट्ट असतात. यावर आपलं एकमत होणार नाही, पण सुचवणं मी मागे घेत नाही.

मिरजकर_मास्तर
इंग्रजीच वाचतोय तर रश्दींचं 'हरून अँड द सी ऑफ स्टोरीज' द्या. 1990 साली त्यांनी मुलासाठी लिहिलं. आपल्या मुलांना त्यात एक फायदा आहे, जो लंडनच्या मुलाला नाही. गोष्टींच्या समुद्राजवळ दोन देश आहेत: एक सतत उजेडात, गप, दुसरा सतत अंधारात, चुप. खलनायकाचं नाव खत्तम-शुद. राजकन्या बातचीत, तिचा राजपुत्र बोलो. परदेशी वाचकांसाठी मागे नावांचे अर्थ दिलेत, तुमच्या मुलाला ते पान लागणारच नाही. गपच्या सैन्याचं नाव 'लायब्ररी', सैनिकांना म्हणतात 'पेजेस', त्यांच्या तुकड्या म्हणजे 'चॅप्टर्स' आणि 'व्हॉल्यूम्स'. मी सातवीच्या वर्गाला हे वाचून दाखवलं तेव्हा मुलं दर दोन ओळींनी "सर, थांबा थांबा" करत होती. शब्दांत शब्द दडलेत, भराभर वाचलं की निम्मे हातून सुटतात.

आणि मुळाशी एक खरा प्रश्न आहे. हरूनचे वडील गोष्टी सांगून पोट भरतात. आई घर सोडून जाते. चिडलेला हरून वडिलांना विचारतो की ज्या गोष्टी खऱ्याच नाहीत त्यांचा उपयोग काय, आणि तिथे वडिलांची वाचाच बसते. अंतूकाकांनी वर जे विचारलं, तोच हा प्रश्न.

अंतूकाका
मिरजकर सर, ते पुस्तक मी वाचलेलं नाही. नातवासाठी मागवतो आणि आधी मी वाचतो.

पुस्तकवेडी
मास्तर, झकास! यावरून आठवलं, मराठीत वेताळपंचविशीलाही स्वतःचा ब्रेक आहे. प्रत्येक गोष्ट वेताळाच्या प्रश्नावर थांबते. विक्रमाचं उत्तर वाचायच्या आधी मुलाने आपलं उत्तर द्यायचं. हळू मराठी वाचणाऱ्यालाही चालेल, एकेक गोष्ट छोटी असते.

दीपमाळ
अजून एकच सुचवते, कारण ते या मुलासाठीच लिहिल्यासारखं आहे. मिखाएल एंडे यांचं 'द नेव्हरएंडिंग स्टोरी', मूळ जर्मन, 1979. दहा-अकरा वर्षांचा बॅस्टियन दुकानातून पुस्तक पळवतो आणि शाळेच्या माळ्यावर बसून वाचतो. सव्वीस प्रकरणं, ए ते झेड, प्रत्येक प्रकरण पुढच्या अक्षराने सुरू होतं. हे मुलांना सांगू नका, त्यांना सापडू द्या. पहिल्या अर्ध्यात साहस आहे, ते तो गटकन संपवेल. 1984 चा सिनेमा साधारण तिथेच संपतो. खरं पुस्तक पुढे आहे. बॅस्टियन त्या जगात शिरतो, त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते, आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एक आठवण जाते. आपलं काही हरवलंय हेही त्याला कळत नाही. दुसरा अर्धा भाग मुलं हळू वाचतात असा माझा अनुभव आहे. काहींना तो जड वाटतो आणि ती सोडतात, तेही सांगून ठेवते. शक्यतो लाल आणि हिरव्या शाईत छापलेली आवृत्ती मिळवा. आपलं जग एका रंगात आणि पुस्तकातलं जग दुसऱ्या. सगळ्या आवृत्त्यांत तसं नसतं.

मृदुला_ना
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय, काय झालं ते सांगते.

'हरून' त्याने दोन दिवसांत संपवलं, म्हणजे वेग तोच. पण नंतर घरात कोणी बडबड केली की "तू गपची आहेस" आणि बाबा पेपर वाचत असले की "चुपचे राजे". लायब्ररीच्या सैन्यात स्वतःला 'फूटनोट' हे पद घेतलंय, ते पुस्तकात नाही. आई जाते त्या भागाबद्दल मात्र काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

'अर्थसी' पहिल्या नऊ पानांवर ठेवून दिलं, दीपमाळ यांनी सांगितलं होतं अगदी तसं. "यात कोणी बोलतच नाही." मग बाबांनी वाचायला घेतलं, ज्यांना फॅन्टसी आवडत नाही त्यांनीच. आठवड्यातून चार रात्री होतं. खड्याचा प्रसंग आला तेव्हा त्याने बाबांना थांबवून विचारलं, "मग गुरू स्वतः तरी कशाला शिकले?" बाबांना उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

चौथं प्रकरण, गेड टेकडीवर मेलेल्या राणीला बोलावतो ते, अर्ध्यावर सोडून झोपायला लावलं. सकाळी खूण दोन प्रकरणं पुढे सरकली होती. रात्री पुस्तक घेऊन बाबांकडे आला. बाबा म्हणाले, "तू पुढे गेलास ना, मग मी कुठून वाचू?" तर म्हणाला, "कालच्या ठिकाणाहूनच वाचा. मी वाचलं तेव्हा म्हातारे गुरू एकदम मेलेच. ते कसे मेले ते मला नीट कळलं नाही."

ड्रॅगनांचा पुढचा भागही चालू आहे.

दीपमाळ
मृदुला, हे संपलं की पुढचं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' लगेच देऊ नका. ते बरंचसं जमिनीखालच्या अंधारातल्या भुयारांत घडतं, नायिका एक मुलगी आहे आणि गेड खूप उशिरा येतो. मधे 'हाउल' जाऊ द्या. आणि त्याच्या बाबांना माझ्याकडून विचारा, सावली कोण असेल असं त्यांना वाटतंय?

मृदुला_ना
विचारलं. म्हणाले, "तो आणि मी पैज लावलीय, तू मधे बोलू नकोस."